घाट पूर्ण कधी झाला? : केस स्टडी पद्धतीची एक प्रस्तावना

प्रकल्प व्यवस्थापनाच्या लघुप्रबंधासाठी नाशिकच्या विद्यार्थ्यांकडून एक विषय ठरल्यासारखा येतो : ‘नाशिक कुंभमेळ्याचे व्यवस्थापन – एक केस स्टडी’. पहिल्या प्रकरणात समुद्रमंथन, दुसऱ्यात गोदावरीचा महिमा, तिसऱ्यात शंभर भाविकांनी भरलेली प्रश्नावली, चौथ्यात त्या प्रश्नावलीचे रंगीत पाय चार्ट आणि शेवटी ‘नियोजन समाधानकारक होते, तथापि सुधारणेस वाव आहे’ हा निष्कर्ष. परीक्षक सही करतात आणि विद्यार्थ्याला पदवी मिळते. तक्रार एवढीच, की यात केस नाही आणि स्टडीही नाही. एका मोठ्या घटनेचे वर्णन आहे आणि त्याला एक सर्वेक्षण जोडलेले आहे.

पुढील पानांतील पुस्तिका या पद्धतीच्या पायऱ्या क्रमाने सांगते. त्या पायऱ्यांमागचा विचार एकाच उदाहरणातून उलगडून दाखवणे, एवढाच या प्रस्तावनेचा हेतू. उदाहरण २०१५ च्या सिंहस्थाचे घेतो, कारण ते आपल्या दारातले आहे आणि त्याची कागदपत्रे याच शहरातल्या कपाटांत आहेत.

केस स्टडी कधी करावी याचे उत्तर रॉबर्ट यिन यांनी १९८४ च्या आपल्या पुस्तकात दिले आणि ते आजही बहुतेकांना मान्य आहे. प्रश्न ‘कसे’ किंवा ‘का’ असा असेल, घटनाक्रमावर संशोधकाचा ताबा नसेल आणि घटना तिच्या परिस्थितीतून सोलून वेगळी काढता येत नसेल, तेव्हा ही पद्धत वापरावी. ‘किती भाविक समाधानी होते?’ हा प्रश्न सर्वेक्षणाचा. ‘मुदत एक दिवसही पुढे ढकलता येत नसताना काम कसे पूर्ण झाले?’ हा प्रश्न केस स्टडीचा. त्याचे उत्तर आकड्यांच्या सरासरीत सापडत नाही. ते फायलींत, बैठकांत आणि साइटवर उभ्या राहिलेल्या माणसांकडे असते.

सिंहस्थात प्रकल्प व्यवस्थापनाच्या दृष्टीने रस घेण्यासारखी गोष्ट हीच आहे. एरवी वेळ, खर्च आणि कामाची व्याप्ती या तिन्ही गोष्टी थोड्याथोड्या सरकतात. उड्डाणपूल सहा महिने लांबला तर चार अग्रलेख येतात आणि पूल पुढे केव्हातरी खुला होतो. सिंहस्थाची तारीख मात्र गुरूच्या सिंह राशीतील प्रवेशाशी बांधलेली. २०१५ मध्ये १४ जुलैला ध्वजारोहण झाले. नाशिकची शाही स्नाने २९ ऑगस्ट, १३ सप्टेंबर आणि १८ सप्टेंबरला झाली, तर त्र्यंबकेश्वरचे तिसरे स्नान २५ सप्टेंबरला. कोणत्याही ठेकेदाराला या तारखांवर मुदतवाढ मिळणार नव्हती. मग वेळेचा ताण गेला कुठे? खर्च वाढला, व्याप्ती छाटली गेली, गुणवत्तेवर भागले, की ‘काम पूर्ण’ या शब्दांचा अर्थच कागदावर सैल झाला? प्रबंधाला उभे राहायला एवढा एक प्रश्न पुरेसा आहे. त्यातली चार संभाव्य उत्तरे सुरुवातीलाच लिहून ठेवायची, म्हणजे पुढे मिळणारा प्रत्येक कागद त्यांपैकी कोणत्या उत्तराकडे झुकतो हे पाहता येते. ही उत्तरे आधी न लिहिता फायली उघडणारा विद्यार्थी तीन महिन्यांनी झेरॉक्सच्या गठ्ठ्याखाली सापडतो.

आता केसची निवड. ‘माझी केस म्हणजे सिंहस्थ’ हे वाक्य मार्गदर्शकाने पहिल्याच भेटीत खोडले पाहिजे. सिंहस्थ हा एक प्रकल्प नव्हे. महापालिका, सार्वजनिक बांधकाम, जलसंपदा, पोलीस, आरोग्य, महावितरण, एसटी, रेल्वे अशा अनेक यंत्रणांच्या शेकडो कामांचा तो समूह आहे. त्यात यशही सापडते आणि अपयशही. जे म्हणायचे असेल त्याला पुरावा मिळतोच. म्हणून केस कशाची, हे आधी ठरवावे लागते. आपला प्रश्न अटळ मुदतीचा असेल तर केस म्हणजे ‘अटळ मुदतीखाली केलेले एक काम’. त्याची सुरुवात प्रशासकीय मान्यतेपासून आणि शेवट दोषदायित्वाचा कालावधी संपल्यावर. ही दोन टोके लिहून घेतली नाहीत तर केसला काठच राहत नाही.

तुलनेसाठी बहुतेकांना पहिला मोह होतो तो २००३ आणि २०१५ समोरासमोर ठेवण्याचा. २७ ऑगस्ट २००३ रोजी काळाराम मंदिराकडून रामकुंडाकडे उतरणाऱ्या सरदार चौकाच्या परिसरात चेंगराचेंगरी झाली आणि ३९ भाविकांचा मृत्यू झाल्याची नोंद आहे. न्यायमूर्ती रमणी यांच्या आयोगाने चौकशी केली. २०१५ मध्ये तशी दुर्घटना झाली नाही. म्हणजे एक अपयशी केस आणि एक यशस्वी केस, तुलना करा आणि फरक शोधा. हे दिसायला नेटके दिसते. पण या बारा वर्षांत नाशिकमध्ये काय बदलले नव्हते? रस्ते बदलले, मोबाइल हातोहाती आला, सीसीटीव्ही आले, पोलिसांची बंदोबस्ताची पद्धत बदलली, खर्चाचा आकार बदलला. शिवाय २९ ऑगस्ट २०१५ च्या पहिल्या शाही स्नानाला अंदाजापेक्षा खूपच कमी गर्दी आली. अडथळ्यांची रांग आणि मैलोन्‌मैल पायपीट यामुळे लोक फिरकलेच नाहीत, अशी टीका तेव्हा झाली आणि पुढच्या स्नानासाठी बंदोबस्त सैल करावा लागला. मग चेंगराचेंगरी टळली ती नियोजनामुळे, की माणसेच न आल्यामुळे? दोन केसमध्ये एकाच वेळी दहा गोष्टी वेगळ्या असतील तर अकराव्या गोष्टीबद्दल काहीच सिद्ध होत नाही. गर्दीच्या अभ्यासाला २००३ अपरिहार्य आहे. अटळ मुदतीच्या अभ्यासाला ती जोडी कच्ची आहे.

त्यापेक्षा चांगली जोडी तीस किलोमीटरवर आहे. वैष्णव आखाडे नाशिकला रामकुंडावर स्नान करतात, शैव आखाडे त्र्यंबकेश्वरला कुशावर्तावर. पंचांग तेच, पावसाळा तोच, राज्य सरकार तेच, निधी देणारी यंत्रणा तीच. फरक कामे करून घेणाऱ्या स्थानिक संस्थेत. नाशिकला स्वतःचा अभियांत्रिकी विभाग असलेली महापालिका, त्र्यंबकला मोजक्या कर्मचाऱ्यांची नगरपालिका. ज्याचा परिणाम पाहायचा ती गोष्ट वेगळी आणि बाकीचे शक्य तितके सारखे, अशी ही निवड झाली. तिच्यात आणखी एक भेद घालता येतो. दोन्ही ठिकाणी एक कायमस्वरूपी काम घ्यावे, म्हणजे घाट किंवा रस्ता; आणि एक तात्पुरते, म्हणजे साधुग्राममधली शौचालये किंवा पाण्याच्या जोडण्या. यिन यांच्या भाषेत, दोन कायमस्वरूपी कामांत सारखेच चित्र दिसावे अशी अपेक्षा म्हणजे थेट पुनरावृत्ती. तात्पुरत्या कामात वेगळे दिसेल आणि ते का, हे आधीच सांगता येत असेल तर ती सैद्धांतिक पुनरावृत्ती. चार कामांचा हा आराखडा एका विद्यार्थ्याच्या वर्षभराच्या आवाक्यात बसतो. कॅथलीन आयझेनहार्ट यांनी १९८९ च्या लेखात चार ते दहा केसचा पल्ला सुचवला होता. लघुप्रबंधासाठी चारच्या पुढे जाण्याचा हट्ट करू नये. दहा केस उथळ करण्यापेक्षा दोनच तळापर्यंत नेलेल्या बऱ्या.

‘माझे काका त्या कामाचे ठेकेदार होते म्हणून हे काम निवडले’ हे कारण लाजिरवाणे नाही. फाइल बघायला मिळणे ही केस स्टडीची पहिली अट आहे आणि ती अट भल्याभल्या संशोधकांची निवड ठरवते. पण हे कारण प्रबंधात स्पष्ट लिहावे, आणि काकांनी न दाखवलेली बाजू कुठून मिळवली हेही त्याच परिच्छेदात लिहावे. ‘सोयीमुळे निवडले’ हे लपवून त्यावर ‘हेतुपुरस्सर नमुना निवड’ असे भारदस्त लेबल चिकटवणे मात्र परीक्षकाच्या लगेच ध्यानात येते.

निवडीपाठोपाठ तोंडी परीक्षेतला ठरलेला प्रश्न येतो : ‘चार कामांवरून तुम्ही सगळ्या प्रकल्पांबद्दल कसे बोलता?’ बेंट फ्लिव्यबर्ग यांनी २००६ मध्ये केस स्टडीविषयीच्या पाच गैरसमजांवर लिहिले, त्यात हा एक आहे. उत्तर थोडक्यात असे, की आपण लोकसंख्येबद्दल बोलतच नाही. एका स्पष्टीकरणाची कसोटी घेतो. ‘मुदत अटळ असेल तर ताण गुणवत्तेवर जातो’ हे सर्वमान्य विधान असेल आणि चारही कामांत ताण गुणवत्तेवर न जाता दुसरीकडेच गेलेला दिसला, तर त्या विधानाला मर्यादा घालावी लागते. यासाठी चारशे घाट लागत नाहीत.

माहितीच्या स्रोतांकडे वळू. यिन सहा स्रोत सांगतात : दस्तऐवज, अभिलेखातील नोंदी, मुलाखती, प्रत्यक्ष निरीक्षण, सहभागी निरीक्षण आणि भौतिक वस्तू. यादी पाठ करून उपयोग नाही. आपल्याकडच्या सरकारी कामात यातला प्रत्येक स्रोत कोणत्या रूपात भेटतो ते ओळखता आले पाहिजे.

एखाद्या घाटाच्या कामाची फाइल अशी चालते. अंदाजपत्रक, प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश, मग कामाच्या प्रगतीनुसार निघणारी चालू देयके, मुदतवाढीचे प्रस्ताव, जादा बाबींची मंजुरी, अंतिम देयक आणि पूर्णत्वाचा दाखला. या सगळ्यात संशोधकाचा खरा सोबती म्हणजे मोजमाप पुस्तक, ज्याला सगळे एम.बी. म्हणतात. पानांना छापील क्रमांक, नोंद शाईने, चूक झाली तर खोडून शेजारी सही. पान फाडता येत नाही. कनिष्ठ अभियंता जागेवर मोजमाप घेतो, उपअभियंता त्यातले काही तपासून सही करतो. कोणत्या तारखेला किती घनमीटर काँक्रीट मोजले गेले, हे इथे सापडते. बैठकीच्या इतिवृत्तात मात्र ‘काम प्रगतिपथावर’ एवढेच लिहिलेले असते.

पण एम.बी.चाही एक स्वभाव आहे आणि तो माहीत नसेल तर ते फसवते. त्यातली तारीख काम केल्याची नसते, मोजल्याची असते. आणि काम मोजले जाते ते देयक काढायचे असेल तेव्हा. मार्च अखेरीला निधी परत जाऊ नये म्हणून देयकांची झुंबड उडते. त्यामुळे मार्चमध्ये कामाने अचानक वेग घेतल्यासारखे दिसते. तो वेग बहुतेकदा लेखा शाखेचा असतो, साइटचा नव्हे. म्हणून एम.बी. एवढेच खात्रीने सांगते, की अमुक तारखेपर्यंत हे झालेले होते. त्याच्या किती आधी झाले ते दुसऱ्या कागदावरून काढावे लागते : रेडीमिक्स काँक्रीटची चलने, ठेकेदाराचे मजुरांचे हजेरीपत्रक, प्रयोगशाळेतील ठोकळ्यांच्या चाचणीचे अहवाल. काँक्रीटच्या ठोकळ्याची चाचणी २८ दिवसांनी होते, म्हणून अहवालावरच्या चाचणीच्या तारखेतून २८ दिवस वजा केले की काँक्रीट ओतल्याचा दिवस हाती लागतो. ही युक्ती पद्धतिशास्त्राच्या पुस्तकात मिळणार नाही.

हे कागद मिळवायचे कसे? निविदा आणि शासन निर्णय बऱ्याच अंशी संकेतस्थळांवर मिळतात. बाकीच्यांसाठी माहितीचा अधिकार. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आतला हवा, शुल्क दहा रुपये आणि उत्तराची मुदत ३० दिवस. ‘कुंभमेळ्यातील सर्व कामांची संपूर्ण माहिती द्यावी’ असा अर्ज गेला की ‘माहिती विस्तृत स्वरूपाची आहे’ असे उत्तर ठरलेले. त्याऐवजी कामाचे नाव, कार्यारंभ आदेशाचा क्रमांक आणि अभिलेखांचे अवलोकन करू देण्याची विनंती, एवढेच लिहावे. समोर बसून फाइल चाळायला मिळाली तर कोणत्या पानांच्या प्रती घ्यायच्या हे आपणच ठरवतो. वेळापत्रकात या टप्प्याला, पहिले अपील गृहीत धरून, चार महिने तरी ठेवावेत. बहुतेक प्रबंध इथेच रखडतात आणि मग शेवटच्या महिन्यात प्रश्नावली छापली जाते.

मुलाखतींबद्दल एकच सांगतो. ‘कामाला उशीर झाला का?’ असे विचारले की समोरचा माणूस सावध होतो आणि उत्तराऐवजी खुलासा देतो. तारीख विचारली तर दहा वर्षांपूर्वीची तारीख कुणाला आठवत नाही. म्हणून लक्षात राहणाऱ्या घटनांना धरून विचारावे : ध्वज लागला त्या आठवड्यात साइटवर काय चालले होते? पहिल्या स्नानाच्या आदल्या रात्री कोण कुठे होते? १८ सप्टेंबरला मुसळधार पाऊस आला तेव्हा घाटावर काय झाले? माणसाला तारीख आठवत नाही, पण ‘रेलिंग बसवत होतो आणि पलीकडे साधू उतरले होते’ हे आठवते. मुकादम, ट्रॅक्टरवाला, जवळचा टपरीवाला यांनाही विचारावे. अधिकाऱ्यांच्या आठवणीत कामाची फाइल असते, मुकादमाच्या आठवणीत चिखल आणि उधारी.

निरीक्षणाबाबत मात्र प्रामाणिक राहावे लागते. २०१५ चे काम आज कुणालाही प्रत्यक्ष पाहता येणार नाही. पण घाट आहे. त्याच्या पायऱ्यांची रुंदी, तुटलेल्या कडा, बुजलेली गटारे मोजता येतात आणि मूळ नकाशाशी ताडून पाहता येतात. ही भौतिक साक्ष. उपग्रहचित्रांची आशा विद्यार्थी हमखास धरतात, पण सिंहस्थाचे महिने भर पावसाळ्यातले. नेमके हवे त्या आठवड्यात चित्रावर ढग असतात.

आता मूळ मुद्दा, त्रिकोणीकरण, ज्याला सगळे ट्रँग्युलेशन म्हणतात. नॉर्मन डेन्झिन यांनी १९७० च्या दशकात त्याचे चार प्रकार केले : वेगवेगळे माहितीस्रोत, वेगवेगळे संशोधक, वेगवेगळे सिद्धान्त आणि वेगवेगळ्या पद्धती. एकट्या विद्यार्थ्याच्या हाती यातला पहिला आणि चौथा. तिसरा, म्हणजे एकाच पुराव्याकडे दोन स्पष्टीकरणांतून पाहणे, हाही त्याला जमायला हवा. पण प्रबंधांत दिसते ते असे : ‘वृत्तपत्र, शासकीय अहवाल आणि अधिकाऱ्यांची मुलाखत या तिन्ही स्रोतांवरून कामे वेळेत पूर्ण झाल्याचे सिद्ध होते.’ बातमी कशावरून लिहिली गेली? प्रसिद्धिपत्रकावरून. प्रसिद्धिपत्रक आढावा बैठकीच्या इतिवृत्तावरून. अहवालही त्याच इतिवृत्तावरून, आणि मुलाखत देणारे अधिकारी बोलण्यापूर्वी तोच अहवाल चाळून बसलेले. तीन स्रोत दिसतात, पण उगम एकच. तीन वेळा तेच ऐकल्याने गोष्ट तिप्पट खरी होत नाही. म्हणून प्रत्येक पुराव्याबद्दल तीन गोष्टी टिपून ठेवाव्यात : हा कागद कुणी लिहिला, कशासाठी लिहिला आणि लिहिताना त्याच्यासमोर दुसरा कोणता कागद होता. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळाले की स्रोत स्वतंत्र आहे की नाही ते कळते.

उदाहरण एका कामाचे घेऊ. तारखा समजण्यापुरत्या कल्पिलेल्या आहेत, कोणत्याही प्रत्यक्ष घाटाच्या नव्हेत. समजा घाटाचा कार्यारंभ आदेश नोव्हेंबर २०१३ चा, मुदत १५ महिने. मग फेब्रुवारीत मुदतवाढ मिळाली, ३० जून २०१५ पर्यंत. पूर्णत्वाच्या दाखल्यावर तारीख आहे ३० जून. ६ जुलैच्या आढावा बैठकीत ‘९५ टक्के पूर्ण’. एम.बी.तली रेलिंगची शेवटची नोंद १२ ऑगस्टची, आणि रेलिंगच्या पाइपांचे शेवटचे चलन ९ ऑगस्टचे. मुकादम म्हणतो, ‘ध्वज लागला तेव्हा रेलिंग बाकी होतं.’ पहिल्या स्नानाच्या दिवशीच्या छायाचित्रात रेलिंग दिसते.

घाईने लिहिणारा विद्यार्थी इथे दोनपैकी एक करतो. एक तर दाखला अधिकृत म्हणून तोच धरतो आणि बाकीचे परिशिष्टात टाकतो. नाहीतर ‘दाखला खोटा आहे’ असे लिहून मोकळा होतो. दोन्हीत विचार थांबलेला आहे. आधी हे पाहावे, की दाखल्याची तारीख मुदतवाढीच्या शेवटच्या दिवसाशी तंतोतंत जुळते. प्रत्यक्ष काम नेमके शेवटच्या दिवशी संपणे हा योगायोग असू शकतो, पण मुदत उलटली तर ठेकेदाराला दंड लागतो आणि मुदतवाढीचा नवा प्रस्ताव वर पाठवावा लागतो, हे लक्षात घेतले की त्या तारखेमागचा हेतू दिसतो. हा झाला पहिला तर्क : दाखला कामाचे नव्हे, कराराचे वास्तव सांगतो.

पण थांबा, दुसरे स्पष्टीकरण शिल्लक आहे. कदाचित रेलिंग मूळ कामात नव्हतेच. जुलैमध्ये पोलिसांनी सुरक्षेसाठी ते मागितले आणि जादा बाब म्हणून नंतर मंजूर झाले. तसे असेल तर दाखला खरा : मूळ काम ३० जूनला संपले, रेलिंग हे वेगळे काम. दोन्ही स्पष्टीकरणांत मुकादम, चलन आणि एम.बी. अगदी तसेच राहतात, म्हणजे त्या तिघांच्या एकमताने काहीच निकालात निघत नाही. निकाल लावणारा कागद एकच : निविदेतील शेड्यूल बी, म्हणजे करारातील बाबींची मूळ यादी. रेलिंग त्या यादीत असेल तर पहिला तर्क टिकतो. नसेल आणि जादा बाबीची मंजुरी फायलीत सापडली तर दुसरा. आणि यादीत रेलिंग होते, तरीही नंतर ते यादीतून काढून जादा बाबीत दाखवले गेले असेल, तर आपल्या मूळ प्रश्नाचे उत्तरच हातात आले. मुदत हलली नाही, पैसाही फारसा हलला नाही. हलली ती ‘पूर्ण’ची व्याख्या.

त्रिकोणीकरणाचा उपयोग हा असा. स्रोत जुळतात तिथे थोडा दिलासा मिळतो, पण शोध लागतो तो स्रोत जुळत नाहीत तिथे. विसंगती प्रबंधातून पुसून टाकू नये. तिला एक परिच्छेद द्यावा, प्रत्येक स्रोताची तारीख, लेखक आणि हेतू सांगावा, शक्य असलेली स्पष्टीकरणे मांडावीत आणि कोणता कागद कोणत्या स्पष्टीकरणाला बाद करतो ते दाखवावे. कोणताच कागद बाद करत नसेल तर तसे लिहावे. परीक्षक त्याला कमीपणा मानत नाहीत.

गर्दीच्या आकड्याला हीच रीत लावून पाहण्यासारखी आहे. स्नानाच्या दिवशी संध्याकाळी जाहीर होणारा लाखांचा आकडा कुठल्या मोजणीतून आला हे सहसा सांगितले जात नाही. पण त्याच दिवशी नाशिक रोड स्थानकावर उतरलेले प्रवासी, बाह्य वाहनतळांवरून शहरात आलेल्या एसटी बसच्या फेऱ्या, वाहनतळांच्या पावत्या, यांच्या नोंदी वेगवेगळ्या यंत्रणांनी वेगवेगळ्या कारणांसाठी ठेवलेल्या असतात. २०१५ मध्ये ‘कुंभथॉन’ या उपक्रमातून तयार झालेल्या, पावले मोजणाऱ्या ‘आशिओतो’ चटयाही वापरल्या गेल्या. यातला एकही स्रोत पूर्ण गर्दी मोजत नाही. एसटीची फेरी स्थानिक नाशिककराला मोजत नाही, चटई परत येणाऱ्या माणसाला पुन्हा मोजू शकते. मात्र त्यांच्या चुका एकमेकींवर अवलंबून नाहीत, म्हणूनच ते एकत्र वाचण्याजोगे. जाहीर आकडा यांच्याशी जुळला तर उत्तम, न जुळल्यास कुठल्या बाजूने किती, एवढे तरी कळते.

न्यायालयीन कागद हा आणखी एक दुर्लक्षित स्रोत. २०१५ हे दुष्काळाचे वर्ष होते. शाही स्नानासाठी गंगापूर धरणातून पाणी सोडण्याचा वाद मुंबई उच्च न्यायालयात गेला, आणि गोदावरीच्या प्रदूषणाची जनहित याचिका त्याआधीपासून चालू होती. अशा प्रकरणांतील प्रतिज्ञापत्रांत यंत्रणा विरोधी पक्षाच्या वकिलासमोर लिहीत असते. स्वतःच्या अडचणीची जी कबुली ती आढावा बैठकीत देणार नाही, ती कधी कधी तिथे सापडते. उलट प्रतिज्ञापत्र बचावासाठी लिहिलेले असते, हेही विसरायचे नाही.

शेवटी दोन कोरड्या सूचना. पहिली, प्रत्येक विधानामागचा कागद परीक्षकाला दहा मिनिटांत दाखवता आला पाहिजे. प्रत्येक कागदाला क्रमांक, प्रत्येक मुलाखतीला क्रमांक, आणि प्रबंधातल्या वाक्याशेजारी तो क्रमांक. पुराव्याची ही साखळी तुटली की चांगला युक्तिवादही ऐकीव वाटू लागतो. दुसरी, नावे न देण्याचे आश्वासन नाशिकसारख्या ठिकाणी सहज मोडते. ‘घाट बांधणाऱ्या विभागाचे तत्कालीन कार्यकारी अभियंता’ असे लिहिले की नाव न लिहिताही सगळ्या कार्यालयाला कळते कोण ते. पद, वर्ष आणि कामाचे स्थान यांपैकी एक तरी गाळावे लागते, आणि काय गाळले ते मुलाखत देणाऱ्याला आधी दाखवावे लागते.

हे सर्व २०१५ च्या कामांना लागू आहे, पण ती कामे आता फायलींत बंद आहेत. पुढचा सिंहस्थ तसा नाही. जाहीर वेळापत्रकानुसार ३१ ऑक्टोबर २०२६ ला ध्वजारोहण आहे आणि नाशिकचे पहिले अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ ला. त्याच्या कामांची मोजमाप पुस्तके अजून भरायची आहेत, मुकादम साइटवर आहेत, चलने अजून फाटलेली नाहीत. मेळा संपला की साधुग्राम उठेल, अभियंत्यांच्या बदल्या होतील, सीसीटीव्हीच्या चित्रणावर दुसरे चित्रण चढेल. ज्यांना हा विषय घ्यायचा आहे त्यांनी पुस्तिका वाचून होईपर्यंत थांबू नये. एक घाट निवडावा, त्याचा कार्यारंभ आदेश मिळवावा आणि दर पंधरवड्याला त्याच जागेवर उभे राहून एक तारीखवार छायाचित्र काढायला लागावे.